शैक्षणिक कर्ज: बँकेनं सोडलेले पैसे, कॉलेजची पावती आणि शिकत असतानाचं व्याज कसं जुळवायचं

शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो शिक्षण संपल्यावर. त्यामुळे मधली चार-पाच वर्षं बहुतेक घरांत कर्जखात्याचा उतारा कुणी उघडूनही बघत नाही. पण कर्ज वाढतं ते याच काळात, आणि चूक झाली असेल तर तीही इथेच होते. वर्षातून दोनदा अर्धा तास बसलं तरी हा हिशेब हातात राहतो. तो कसा मांडायचा, हे पालक आणि विद्यार्थी नेहमी विचारतात त्या प्रश्नांच्या ओघानं खाली दिलं आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.

उदाहरण नेमकं काय आहे?

चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. पहिल्या वर्षाची फी १,५०,००० रुपये: शिक्षणशुल्क १,२०,०००, विकास शुल्क १२,०००, परीक्षा आणि इतर ८,०००, परत मिळणारी अनामत १०,०००. पुढची तीन वर्षं अनामत नाही, म्हणून दरवर्षी १,४०,०००. म्हणजे एकूण खर्च ५,७०,००० रुपये.

बँकेचं कर्ज ४ लाखांच्या वर आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे विद्यार्थ्यानं स्वतः घालायचा वाटा, नसतं, त्यावर ५ टक्के असतं. म्हणून ५ टक्के विद्यार्थ्याचे आणि ९५ टक्के बँकेचे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याचे ७,५०० आणि बँकेचे १,४२,५००. पुढे दरवर्षी ७,००० आणि १,३३,०००. चार वर्षांचं मिळून कर्ज ५,४१,५०० रुपये.

व्याजदर १०.९५ टक्के धरला आहे. हा दर मुद्दाम निवडला, कारण ३६५ नं भागल्यावर दिवसाला बरोबर ०.०३ टक्के येतो. एक लाखाला दिवसाला तीस रुपये. तोंडी हिशेब करता येतो.

जुळवणी करायला कोणती कागदपत्रं लागतात?

चार. बँकेचं मंजुरीपत्र, त्या वर्षाचं कॉलेजचं फी मागणीपत्र, कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि कॉलेजच्या सगळ्या पावत्या. उतारा मोबाइल ॲपमधला शेवटच्या दहा व्यवहारांचा चालत नाही. पहिली रक्कम सुटली त्या दिवसापासूनचा हवा, आणि त्यात मुद्दलाच्या व व्याजाच्या नोंदी वेगळ्या दिसायला हव्यात. तो शाखेत मागितला की मिळतो.

मागणीपत्राकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, कारण पावती हातात आल्यावर त्याचं काम संपलं असं वाटतं. पण बँक पैसे सोडते ते मागणीपत्र बघून आणि कॉलेज पावती फाडतं ते स्वतःच्या खातेवहीवरून. दोघांत फरक कुठे पडला हे मागणीपत्राशिवाय कळत नाही.

बँकेची नोंद आणि कॉलेजची पावती एकमेकांशी कशावरून जोडायची? तारखा तर जुळतच नाहीत.

तारखेवरून जोडायला गेलात तर गोंधळच होईल. जोडायचं यूटीआर क्रमांकावरून, म्हणजे बँकेतून पाठवलेल्या प्रत्येक रकमेला मिळणाऱ्या ओळख क्रमांकावरून. बँकेनं एनईएफटीनं पैसे पाठवले असतील तर हा क्रमांक १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसनं पाठवले असतील तर २२ अक्षरांचा. कर्जखात्याच्या उताऱ्यात वितरणाच्या नोंदीच्या तपशिलात तो सापडतो. तपशील अर्धवट छापला असेल तर शाखेकडून लेखी मागून घ्या.

आपल्या उदाहरणात ११ ऑगस्टला विद्यार्थिनीनं स्वतःचे ७,५०० भरले. १२ ऑगस्टला बँकेनं १,४२,५०० सोडले. कॉलेजनं पहिली पावती ११ ऑगस्टची दिली, दुसरी २६ ऑगस्टची. हे चौदा दिवस पैसे कुठे होते? पैसे कॉलेजच्या खात्यात १२ तारखेलाच पोचले होते. कॉलेजच्या लेखा विभागानं ते कुठल्या विद्यार्थ्याचे हे ओळखून पावती केली ती २६ ला. फीच्या दिवसांत कॉलेजच्या खात्यात शेकडो रकमा येतात, आणि बँकेकडून आलेल्या रकमेवर कित्येकदा विद्यार्थ्याचं नाव नसतं, फक्त बँकेच्या शाखेचं असतं. तोवर ती रक्कम कुणाच्याच नावावर नसते.

म्हणून वितरण झालं की त्याच दिवशी लेखा विभागाला एक मेल करा. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, प्रवेश क्रमांक, रक्कम, तारीख आणि यूटीआर एवढंच लिहा. या एका मेलनं निम्मे घोळ सुरू होण्याआधीच मिटतात.

मग व्याज १२ ऑगस्टपासून लागणार की २६ पासून?

१२ पासून. पैसे बँकेतून त्या दिवशी बाहेर पडले. कॉलेजनं पावती उशिरा केली त्याचा बँकेच्या व्याजाशी संबंध नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मंजुरी मिळाली त्या दिवसापासून, किंवा करारावर सह्या झाल्या त्या दिवसापासून व्याज लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. प्रत्यक्ष पैसे दिले त्या दिवसापासूनच व्याज. चेकनं कर्ज देताना चेकवरच्या तारखेपासून व्याज लावायचं आणि चेक मात्र कितीतरी दिवसांनी हातात द्यायचा, हा प्रकारही त्याच परिपत्रकात गैर ठरवला आहे. तुमच्या बाबतीत चेक निघाला असेल तर तो हातात मिळाल्याच्या दिवसाची पोच किंवा मेल जपून ठेवा.

पावत्यांची बेरीज बरोबर १,५०,००० येते. म्हणजे सगळं जुळलं ना?

बेरीज जुळली, पण बाबी जुळल्या का ते बघा. याच उदाहरणात दुसरी पावती अशी निघाली: विलंब शुल्क २,०००, शिक्षणशुल्क १,१०,५००, विकास शुल्क १२,०००, परीक्षा व इतर ८,०००, अनामत १०,०००. बेरीज १,४२,५००, बँकेच्या रकमेइतकी अचूक. पहिली ७,५०० ची पावती सगळी शिक्षणशुल्कात गेली. म्हणजे शिक्षणशुल्क मिळून १,१८,००० जमा झालं, २,००० बाकी राहिले.

झालं असं की फी भरायची शेवटची तारीख १० ऑगस्ट होती. बँकेचे पैसे १२ ला पोचले. कॉलेजच्या संगणक प्रणालीनं आधी दंड कापून घेतला आणि उरलेली रक्कम फीत जमा केली. ते २,००० रुपये पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात 'मागील बाकी' म्हणून येतात. तेव्हा बँक ते द्यायला तयार होत नाही, कारण पहिल्या वर्षाची पूर्ण रक्कम तिनं दिलेली असते आणि दंड हा शिक्षणाचा खर्च धरला जात नाही. हॉल तिकीट अडतं ते नेमकं अशा वेळी.

पावती हातात आली की मागणीपत्र शेजारी ठेवून एकेक बाब तपासा. दंड दिसला तर लगेच कॉलेजला लिहा: कर्ज मंजूर होतं, अर्ज अमुक तारखेला दिला, पैसे बँकेकडून येणार होते. सोबत मंजुरीपत्राची प्रत जोडा. त्याच महिन्यात विचारलं तर दंड माफ होण्याची शक्यता बरीच असते. वर्षानं विचारलं तर तो हिशेब बंद झालेला असतो. माफ झाला नाही, तर २,००० स्वतः भरून बाकी शून्य करा आणि वेगळी पावती घ्या.

पावतीवर कॉलेजऐवजी वेगळ्याच संस्थेचं नाव आहे. चालतं का?

बऱ्याच कॉलेजांचं बँक खातं चालवणाऱ्या ट्रस्टच्या किंवा शिक्षण संस्थेच्या नावावर असतं. मागणीपत्रावर तेच खातं आणि तेच नाव छापलेलं असेल तर अडचण नाही. वसतिगृहाचं खातं मात्र अनेकदा अगदी निराळं असतं. फी आणि वसतिगृह मिळून एकच रक्कम कॉलेजच्या खात्यात गेली, तर वसतिगृहाच्या वहीत तुमची बाकी तशीच उभी राहते. म्हणून अर्ज देतानाच बँकेला दोन खाती, दोन रकमा असं लिहून द्या.

बँक म्हणते पैसे गेले, कॉलेज म्हणतं आले नाहीत. कुणाचं खरं मानायचं?

दोघंही खरं बोलत असतील. दोन शक्यता असतात. पहिली वर आली आहे: पैसे कॉलेजच्या खात्यात आहेत, पण तुमच्या नावावर पडलेले नाहीत. यूटीआर दिला की लेखा विभाग स्वतःच्या खात्यात शोधू शकतो.

दुसरी जास्त त्रासाची. खाते क्रमांक चुकला किंवा कॉलेजचं खातं बंद होतं, म्हणून पैसे परत फिरले. एनईएफटी परत येते ती लवकर, दिवसभर लटकून राहत नाही. पण परत आलेली रक्कम कर्जखात्यातच जमा होईल याची खात्री नसते. कधी ती शाखेच्या तात्पुरत्या खात्यात पडून राहते. इकडे कर्जखात्यात १,४२,५०० ची नावे नोंद तशीच असते आणि त्यावर दिवसाला ४२ रुपये ७५ पैसे व्याज चढत राहतं.

ओळखायची खूण अशी: उताऱ्यात वितरण आहे, कॉलेजच्या खात्यात तो यूटीआर सापडत नाही. मग शाखेला लेखी विचारा की या यूटीआरची सध्याची स्थिती काय आहे आणि रक्कम परत आली असल्यास कुठे जमा आहे. परत आली असेल तर ती कर्जखात्यात मूळ तारखेच्या व्हॅल्यू डेटनं जमा करायला सांगा. नोंद कोणत्याही दिवशी होवो, व्याजाचा हिशेब व्हॅल्यू डेटवरून होतो. १२ ऑगस्टला गेलेले पैसे १२ लाच परत आले आणि बँकेनं ते २ सप्टेंबरला जमा केले, तर व्हॅल्यू डेट १२ ऑगस्ट लावल्यावर मधलं सगळं व्याज आपोआप निघून जातं. ती २ सप्टेंबर राहिली तर २१ दिवसांचं ८९७ रुपये ७५ पैसे व्याज विनाकारण तुमच्या माथी बसतं.

शिकत असताना बँक व्याज कसं मोजते?

बाकी मुद्दल गुणिले वार्षिक दर गुणिले दिवस, भागिले ३६५. हिशेब रोजच्या बाकीवर होतो, नोंद महिन्यातून एकदा पडते. आदर्श योजनेनुसार शिक्षणाच्या काळात आणि परतफेड सुरू होईपर्यंत सरळ व्याज लावायचं असतं, म्हणजे व्याजावर व्याज नाही.

उदाहरणात १२ ऑगस्टला १,४२,५०० सुटले. दिवसाचं व्याज ४२.७५. १२ ते ३१ ऑगस्ट, दोन्ही दिवस धरून २० दिवस: ८५५ रुपये. सप्टेंबरचे ३० दिवस: १,२८२.५०. ऑक्टोबरचे ३१ दिवस: १,३२५.२५. एवढंच आहे. मुद्दल बदलत नाही तोवर ३० दिवसांच्या प्रत्येक महिन्याचं व्याज सारखं आणि ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्याचं सारखं यायला हवं.

पुढच्या वर्षी ५ ऑगस्टला दुसरं वितरण १,३३,००० चं. त्याचं दिवसाचं व्याज ३९.९०. त्या ऑगस्टचं व्याज दोन तुकड्यांत मोजायचं: पहिल्या रकमेवर ३१ दिवस, १,३२५.२५, दुसरीवर २७ दिवस, १,०७७.३०. मिळून २,४०२.५५. दोन्ही रकमांवर सरसकट ३१ दिवस लावलेले दिसले तर चार दिवसांचं, म्हणजे १५९.६० जास्त घेतलं आहे.

स्प्रेडशीट वापरत असाल तर रांगेत मुद्दल, दर आणि दिवस टाका आणि हे सूत्र द्या:

```
=ROUND(B2*C2*D2/36500,2)
```

यात B2 म्हणजे मुद्दल, C2 म्हणजे दर (10.95 असा लिहायचा) आणि D2 म्हणजे दिवस. मुद्दल किंवा दर बदलला की नवी रांग.

एक-दोन रुपयांचा किंवा एका दिवसाचा फरक येऊ शकतो. काही बँका व्याजाची नोंद महिनाअखेरीला न टाकता ठरावीक तारखेला टाकतात, काही पैशांचे पूर्ण रुपये करतात, लीप वर्षात काही ३६६ नं भागतात. असा फरक महिन्याला दोन्ही दिशांना हलतो. एकाच दिशेनं वाढत जाणारा फरक असेल तर तो तपासायलाच हवा.

बँक व्याजावर व्याज लावते आहे, हे ओळखायचं कसं?

उताऱ्यात शिल्लक बघून नाही ओळखता येत. बहुतेक बँकांच्या उताऱ्यात व्याजाची नोंद पडली की एकूण बाकी वाढलेली दिसते. ते बघून अनेक पालक घाबरतात आणि शाखेत भांडायला जातात. बाकी वाढणं हे चक्रवाढीचं लक्षण नाही. ते व्याज पुढच्या महिन्याच्या हिशेबात मुद्दल म्हणून धरलं गेलं का, एवढंच बघायचं.

त्यासाठी दोन लागोपाठच्या महिन्यांकडे पाहू नका, फरक इतका छोटा असतो की सुटून जातो. उदाहरणात चक्रवाढ असती तर सप्टेंबरचं व्याज १,२८२.५० ऐवजी १,२९०.२० आलं असतं. पावणेआठ रुपयांच्या फरकावर कुणाची नजर थांबणार? पण पहिलं वितरण ते दुसरं वितरण यांच्यामधले दोन लांबचे, सारख्या दिवसांचे महिने घ्या. ऑक्टोबर आणि पुढचा जुलै, दोन्ही ३१ दिवसांचे. सरळ व्याज असेल आणि दर तोच असेल, तर दोन्हीकडे १,३२५.२५ च हवेत. चक्रवाढ असेल तर जुलैचं व्याज १,४५९ च्या आसपास दिसेल. सरळ व्याजापेक्षा जुलैत एकशे तीसहून जास्त रुपयांचा हा फरक लपत नाही. पहिल्या वर्षात तो साठत साठत साधारण साडेसातशे रुपये होतो, आणि पुढची चार वर्षं मोठ्या मुद्दलावर वाढत राहतो.

माझ्या मते ज्यांना सगळा हिशेब करायला वेळ नाही त्यांनी निदान ही एक चाचणी करावीच. दोन आकडे बघायचे असतात, पाच मिनिटांचं काम.

फरक सापडला तरी आधी मंजुरीपत्र वाचा. आदर्श योजना सगळ्या कर्जदात्यांना तशीच्या तशी लागू नसते. बिगर-बँक वित्त कंपन्या आणि काही खासगी बँकांच्या करारात शिकत असतानाच व्याज किंवा त्याचा काही भाग भरायची अट असते, आणि न भरलेल्या व्याजाचं काय होतं तेही करारात लिहिलेलं असतं. सही केलेल्या कागदावर 'सरळ व्याज' असं असेल तर तुमची बाजू भक्कम.

मधेच व्याजाचा आकडा बदलला. वितरण तर झालं नाही.

दर बदलला असेल. बँकांची रेपो दराशी जोडलेली कर्जं रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाबरोबर हलतात, आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्यानं लावावा लागतो. २०२५ मध्ये रेपो दर फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के झाला. त्या वर्षातल्या उताऱ्यात दर न हललेला दिसला तर कर्ज स्थिर दराचं आहे का हे विचारून घ्यावं.

तपासताना महिना तोडायचा. समजा दर १० डिसेंबरपासून १०.७० झाला. १ ते ९ डिसेंबर, नऊ दिवस जुन्या दरानं: ३८४.७५. पुढचे २२ दिवस नव्या दरानं: ९१९.०३. मिळून १,३०३.७८. दर बदलल्याचा मेसेज किंवा मेल येतो, तो काढून टाकू नका. तारीख त्यातच असते.

फी आणि व्याजाशिवाय वेगळीच रक्कम नावे पडली आहे.

बहुधा विम्याचा हप्ता. काही बँका विद्यार्थ्याचा जीवन विमा एकरकमी काढतात आणि तो हप्ता कर्जातच धरतात. तो कर्जखात्यात आला की मुद्दल होतो आणि त्यावरही दिवसाचं व्याज सुरू होतं. वरच्या सूत्रानं काढलेलं व्याज दर महिन्याला सारख्याच रकमेनं कमी येत असेल तर आधी ही नोंद शोधा. सही केलेला विमा अर्ज आणि पॉलिसी मागा. संमती दिली नसेल तर लगेच लिहा. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करायची मुदत मोजक्या दिवसांची असते.

शिष्यवृत्ती मिळाली, किंवा प्रवेशफेरीत कॉलेज बदललं. आधी गेलेल्या पैशांचं काय?

दोन्ही वेळी बँकेनं दिलेली रक्कम प्रत्यक्ष फीपेक्षा जास्त होते. महाडीबीटीवरून शिक्षणशुल्काची रक्कम कित्येक महिन्यांनी जमा होते, आणि तोवर कॉलेजनं पूर्ण फी कर्जातून घेतलेली असते. ती रक्कम विद्यार्थ्याच्या बचत खात्यात आली की तिथेच राहते, कधी खर्चही होते. ती कर्जखात्यात मुद्दलात भरली तर त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं. ६०,००० रुपये वर्षभर बचत खात्यात ठेवले तर कर्जखात्यात त्यावर ६,५७० रुपये व्याज चढतं.

भरताना शाखेला लिहून द्या की ही रक्कम अमुक वर्षाच्या वितरणाविरुद्ध मुद्दलात जमा करावी. नुसती जमा केली तर प्रणाली आधी साठलेलं व्याज वळतं करते. मग मुद्दल तेवढं कमी होत नाही, त्यावरचं व्याज चालूच राहतं, आणि तुमची जुळवणीही बिघडते, मुद्दल अपेक्षेपेक्षा जास्त दिसतं.

कॉलेज बदललं असेल तर जुन्या कॉलेजकडून परतावा थेट कर्जखात्यात मागा आणि परताव्यात किती रक्कम कापली त्याचं पत्र घ्या. नव्या कॉलेजसाठी पैसे सोडताना बँक ते पत्र मागते.

अभ्यासक्रमाअखेरीस १०,००० ची अनामत परत येते. बँकेनं त्यातले ९,५०० दिलेले असतात, हे चार वर्षांनी फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. मूळ पावती लागते, म्हणून ती वेगळ्या पाकिटात ठेवा.

शिकत असताना व्याज भरत गेलो तर फायदा होतो का?

होतो. न भरलेलं सगळं व्याज परतफेड सुरू होताना एकदाच मुद्दलात मिळवलं जातं, आणि तिथून पुढे त्यावरही व्याज लागतं. आपल्या उदाहरणात अभ्यासक्रम संपल्यावर हप्ता न भरण्याची एक वर्षाची सवलत धरून पाच वर्षांत साठलेलं सरळ व्याज २,०८,००० रुपयांच्या आसपास होतं (दर तोच राहिला असं धरून). म्हणजे ५,४१,५०० चं कर्ज हप्ते सुरू होताना साडेसात लाखांच्या घरात असतं.

आदर्श योजनेत असंही आहे की शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला बँक एक टक्का सवलत देऊ शकते. ती आपोआप मिळेल असं समजू नका. मंजुरीपत्रात आहे का ते बघा आणि व्याज भरायला लागताना शाखेला लिहून कळवा. नंतर वरचीच चाचणी करून दर खरंच उतरला का ते तपासा.

प्राप्तिकराची एक गोष्ट इथे येते. सगळे ८०ई म्हणून ओळखतात ती वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, आणि प्रत्यक्ष भरलेल्या व्याजालाच मिळते. बँकेच्या प्रमाणपत्रात कधी लागलेलं व्याज छापलेलं असतं, भरलेलं नव्हे. शिवाय व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठ वर्षांची मुदत सुरू होते. पहिल्या वर्षी पाचशे रुपये भरले तरी घड्याळ सुरू झालं. घरात कर भरणारा नसेल तर हा मुद्दा गौण, असेल तर आधी बसून विचार करावा.

व्याज अनुदानाला पात्र आहोत. मग ही तपासणी करायची गरज काय?

अनुदान बँकेनं मागितलेल्या व्याजावर येतं, आणि ते येईपर्यंत व्याजाच्या नोंदी नेहमीसारख्या पडत राहतात. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज अनुदान आहे. उरलेलं व्याज तुमचंच असतं. अनुदान कोणत्या कालावधीचं जमा झालं हे उताऱ्यात शोधा आणि त्या काळाच्या स्वतः काढलेल्या व्याजाशी लावून बघा. अनुदानाची नोंद व्याजाच्या बाजूला जमा व्हायला हवी.

चूक सापडली. शाखेत जाऊन काय म्हणायचं?

तोंडी काही म्हणू नका, एक पानी पत्र द्या. त्यात चार स्तंभांचा तक्ता पुरतो: कालावधी, बँकेनं लावलेलं व्याज, माझ्या हिशेबानं व्याज, फरक. खाली मंजुरीपत्रातलं ते कलम उतरवा आणि त्याच्या प्रतीवर तेवढी ओळ अधोरेखित करून जोडा. 'व्याज जास्त लागतंय' असं लिहिलं की उत्तर येतं, 'प्रणालीप्रमाणे बरोबर आहे'. '१ ते ३१ जुलै, मुद्दल १,४२,५००, दर १०.९५, अपेक्षित १,३२५.२५, आकारलेले १,४५९.४७, खुलासा द्यावा' असं लिहिलं की कुणाला तरी तो आकडा उघडून बघावाच लागतो. पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

उत्तर आलं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे त्याच पत्रासह जा. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. तिथे आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा मागतात. शिक्का मारलेली प्रत तिथेच लागते. व्याज परत मिळताना ते कर्जखात्यात, ज्या त्या महिन्याच्या व्हॅल्यू डेटनं जमा झालं का हे पुढच्या उताऱ्यात बघून घ्या.